उघड्या गाभ्याचा क्रिटिकल आकार: ग्रॅफाइट-युरेनियम जाळीच्या हिशोबाच्या नोंदी

4 जून

काम असं: परावर्तक नसलेला, म्हणजे चहूबाजूंनी उघडा असा ग्रॅफाइट आणि नैसर्गिक युरेनियमचा गाभा किती मोठा केला की साखळी प्रक्रिया स्वतःच्या बळावर टिकते, ते आधी कागदावर काढायचं, मग छोट्या प्रोग्रॅमने ताडून पाहायचं, आणि शेवटी क्रिटिकल न होणाऱ्या एका लहान स्तंभावरच्या मोजमापांतून तेच उत्तर मिळतं का ते बघायचं. गोल आकारापासून सुरुवात करतोय, कारण त्यात भूमिती सर्वांत कमी आडवी येते.

सुरुवात सगळ्यात सोप्या मिश्रणाने केली: युरेनियमच्या एका अणूमागे कार्बनचे 400 अणू, पिठासारखे एकजीव. η म्हणजे युरेनियमने गिळलेल्या दर औष्णिक न्यूट्रॉनमागे निघणारे नवे न्यूट्रॉन, तो 1.32 घेतला. औष्णिक न्यूट्रॉनपैकी युरेनियमच्या वाट्याला येणारा भाग f आला 0.85. वेग कमी होत असताना युरेनियम-238 च्या अनुनादांतून सुटण्याची शक्यता p आली 0.74. गुणाकार k∞, म्हणजे गळती नसलेल्या अनंत गाभ्यात दर न्यूट्रॉनमागे पुढच्या पिढीला मिळणारे न्यूट्रॉन, आला 0.83.

प्रोग्रॅमने पुढे ऋण संख्येचं वर्गमूळ मागितलं आणि `nan` छापून मोकळा झाला. तासभर कोड तपासण्यात गेला, पण कोड बरोबरच होता. k∞ एकपेक्षा कमी असेल तर गळती शून्य असलेला अनंत गाभासुद्धा क्रिटिकल होत नाही, मग मर्यादित आकार कुठून येणार? प्रमाण 200 केलं तर p घसरतो, 800 केलं तर f घसरतो, आणि दोन्हीकडे k∞ आणखी खाली जातो. ग्रॅफाइट आणि नैसर्गिक युरेनियमचं एकजीव मिश्रण कसंही केलं तरी 0.85 च्या पुढे सरकत नाही.

म्हणून युरेनियमचे गोळे किंवा कांड्या करून त्या ग्रॅफाइटमध्ये अंतरा-अंतरावर बसवाव्या लागतात. न्यूट्रॉन मग युरेनियमपासून दूर, ग्रॅफाइटमध्येच मंदावतो. अनुनादाच्या ऊर्जेचा एखादा न्यूट्रॉन गोळ्यावर आदळलाच तर त्याला बाहेरचा थरच गिळतो आणि आतलं युरेनियम सावलीत राहतं. यात p चा फायदा एवढा मोठा असतो की युरेनियमचं प्रमाण वाढवून f सुद्धा सावरता येतो. उद्यापासून जाळी.

6 जून

जाळीसाठी धरलेले आकडे: η = 1.32, जलद विखंडनाचा गुणक ε = 1.03, p = 0.88, f = 0.88. गुणाकार k∞ = 1.053. म्हणजे दर पिढीला शंभरामागे जेमतेम पाच न्यूट्रॉन शिलकीत, आणि ते सगळे गळतीला द्यायचे.

विसरणाचं समीकरण एका गटात, म्हणजे सगळे न्यूट्रॉन एकाच ऊर्जेचे धरून, लिहिलं की बकलिंग B², म्हणजे गाभ्यातल्या फ्लक्सच्या वक्रतेचं माप, मिळतं:

```
B² = (k∞ − 1) / L²
```

L² म्हणजे विसरण-लांबीचा वर्ग. 1.60 घनतेच्या शुद्ध ग्रॅफाइटसाठी तो 3500 चौ. सेंमी आहे. जाळीत शोषण वाढतं, त्यामुळे तो (1 − f) च्या पटीत आक्रसतो: 3500 × 0.12 = 420 चौ. सेंमी. गोलासाठी फ्लक्सचा आकार sin(Br)/r असतो आणि तो काठावर शून्य व्हायचा तर त्रिज्या π/B. उत्तर आलं 280 सेंमी.

हे उत्तर खोटं आहे. का, ते पुढच्या नोंदीत. इथे ते मुद्दाम ठेवलंय, कारण एकगटी सूत्र हातात आलं की पहिल्यांदा हेच उत्तर निघतं आणि ते दिसायलाही शहाण्यासारखं दिसतं.

7 जून

वरच्या हिशोबात न्यूट्रॉन जन्मतःच औष्णिक आहे. प्रत्यक्षात तो सुमारे 2 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने जन्मतो आणि मंदावेपर्यंत ग्रॅफाइटमध्ये बराच भटकतो. या भटकंतीतही तो काठाबाहेर निसटू शकतो आणि L² ला त्याचा पत्ता नसतो. मंदावण्याच्या काळातल्या भटकंतीचं माप म्हणजे फर्मी-वय τ. नावात वय असलं तरी एकक चौ. सेंमी. ग्रॅफाइटसाठी 368.

दोन्ही भटकंत्या एकत्र केल्या की स्थलांतर-क्षेत्रफळ M² = L² + τ = 788 चौ. सेंमी. सूत्र तेच, फक्त L² च्या जागी M²:

```
B² = 0.053 / 788 = 6.73e-5 प्रति चौ. सेंमी
त्रिज्या = π / B = 383 सेंमी
```

280 चे 383 झाले. त्रिज्येत फरक 37 टक्क्यांचा, पण माल घनफळावर लागतो आणि घनफळ 2.6 पट झालं. उलटं पाहिलं तर 280 सेंमीचा गोल खरोखर रचला असता तर त्याचा k, म्हणजे गळती धरून उरणारा गुणक, 0.96 च्या आसपास अडकला असता.

ग्रॅफाइटमध्ये ही चूक महागात पडते, कारण जाळीत τ आणि L² जवळपास बरोबरीचे होतात. शुद्ध ग्रॅफाइटचे आकडे पाहिले तर 3500 पुढे 368 किरकोळ वाटतो आणि τ सोडून द्यावासा वाटतो. युरेनियम आलं की L² आठपटीहून जास्त आक्रसतो, τ मात्र जवळपास जागचा हलत नाही.

मंदावण्याचं अधिक काटेकोर रूप वापरलं, म्हणजे जलद गळतीसाठी e^(−B²τ) हा गुणक घेतला, तर त्रिज्या 387 येते. दोन गटांचं सूत्र 385.5 देतं. तिन्हींत एक टक्क्याचा फरक. B²M² लहान असेल तोवर तिन्ही सूत्रं एकमेकांच्या हातात हात घालून चालतात, म्हणून पुढे 383 च धरतोय.

10 जून

आता प्रोग्रॅम. गोलाच्या समीकरणात (2/r)·dφ/dr असं पद असतं आणि केंद्राशी r = 0 असल्याने तिथे शून्याने भागाकार होतो. केंद्रासाठी वेगळा नियम लिहून पाहिला, चाललाही, पण जाळी बदलली की दर वेळी तिथेच काहीतरी बिघडायचं. सोपी वाट ही की φ ऐवजी u = rφ घ्यायचा. ते पद नाहीसं होतं, गोलाचं समीकरण सपाट पट्टीसारखं होतं, आणि दोन्ही टोकांना u = 0.

```python
import numpy as np
kinf, M2, R, N = 1.053, 788.0, 383.1, 100
h = R / N
r = h * np.arange(1, N)
A = np.diag(np.full(N-1, 1 + 2*M2/h**2))
A -= np.diag(np.full(N-2, M2/h**2), 1)
A -= np.diag(np.full(N-2, M2/h**2), -1)
u, k_old = r.copy(), 0.0
for it in range(500):
    v = np.linalg.solve(A, kinf*u)
    k = (v*r).sum() / (u*r).sum()
    u = v / k
    if abs(k - k_old) < 1e-8:
        break
    k_old = k
print(it, k)
```

`(v*r).sum()` मधला `r` विसरू नका. एकूण न्यूट्रॉन φ·r² च्या बेरजेत असतात, म्हणजे u·r च्या. तो वगळला तरी शेवटी k तोच येतो, पण मधल्या फेऱ्यांतले आकडे पिढीवार गुणक म्हणून वाचता येत नाहीत.

100 कप्पे घेतले की k = 1.0000. कप्पे 20 केले तर B² मधली चूक 0.2 टक्के, त्रिज्येत जेमतेम 0.4 सेंमी. फक्त 10 कप्प्यांनीही दीड-पावणेदोन सेंमीच्या आत उत्तर येतं. फ्लक्सचा आकार इतका गुळगुळीत आहे की बारीक जाळीचा हव्यास इथे फुकट. ती मेहनत कुठे लागते ते 18 तारखेच्या नोंदीत आहे.

11 जून

थांबण्याची अट मात्र फसवते. आधी ती `1e-4` ठेवली होती. प्रोग्रॅम पटकन थांबायचा आणि k 0.9994 दाखवायचा. लागोपाठच्या दोन फेऱ्यांत फरक एक दशसहस्रांश, म्हणजे उत्तरही तेवढंच जवळ असणार, असं वाटतं. तसं नसतं.

सपाट फ्लक्सने सुरुवात केली की मूळ आकारासोबत दुसरा आकारही, म्हणजे मधे एकदा शून्य ओलांडणारा, मिसळलेला असतो. दर फेरीला तो k₁/k₀ या पटीने विरतो. इथे ते गुणोत्तर 1.053 / 1.212 = 0.87. प्रत्येक फेरीत फक्त 13 टक्के चूक जाते, म्हणून उरलेली चूक ही शेवटच्या दोन फेऱ्यांतल्या फरकाच्या साडेसहा पटीपर्यंत असू शकते. k मध्ये सहा दशसहस्रांश म्हणजे त्रिज्येत दोनएक सेंमी.

गाभा जितका मोठा आणि k∞ एकच्या जितका जवळ, तितकं हे गुणोत्तरही एकच्या जवळ जातं आणि फसवणूक वाढते. अट `1e-8` केली, फेऱ्या शंभरच्या जवळ गेल्या, पण सगळं मिळून सेकंदभरही लागत नाही. कंजुषी कशाला?

14 जून

काठाचा प्रश्न. फ्लक्स खऱ्या काठावर शून्य होत नाही, तो वाढवून नेला तर काठाबाहेर थोड्या अंतरावर शून्य होतो. ते अंतर d = 2.13 D, इथे D म्हणजे विसरणाचा गुणांक. ग्रॅफाइटचा D 0.84 सेंमी, म्हणून d = 1.8 सेंमी. हिशोबातली 383 ही वाढीव त्रिज्या. प्रत्यक्ष ग्रॅफाइटचा काठ 381 वर.

काही ठिकाणी 2D लिहिलेलं आढळतं. तो विसरणाच्याच समीकरणातून आत येणारा प्रवाह शून्य धरून निघतो, तर 2.13 हा आकडा न्यूट्रॉनच्या काठाजवळच्या खऱ्या वागण्याच्या अचूक हिशोबातून आलेला. फरक एक मिलिमीटरभर. इतक्या मोठ्या गाभ्यात यावर वाद घालू नये.

मुळात काठाजवळच्या दोन-तीन मुक्तपथांच्या पट्ट्यात विसरणाचं समीकरण लंगडंच असतं. इथे वाहतुकीचा मुक्तपथ 2.5 सेंमी आणि त्रिज्या त्याच्या दीडशेपट, म्हणून लंगड्या पट्ट्याचा वाटा नगण्य. गाभा काही मुक्तपथांएवढाच असता तर ही सगळी पद्धत गुंडाळून ठेवावी लागली असती.

आकाराबद्दल एवढंच: याच B² ला घन करायचा तर बाजू √3·π/B, म्हणजे 664 सेंमी, आणि माल गोलापेक्षा 24 टक्के जास्त. कोपऱ्यांतलं युरेनियम गळतीच्या तोंडावर बसलेलं असतं, ते फारसं कामाला येत नाही.

18 जून

आज प्रोग्रॅमला हात न लावता फक्त आकडे हलवून पाहिले. k∞ 1.053 चा 1.043 केला. शंभरातला एक टक्काही नाही धड. त्रिज्या 383 वरून 425 झाली, घनफळ 37 टक्क्यांनी वाढलं.

कारण सूत्रात k∞ येतच नाही, k∞ − 1 येतो. 0.053 मधून 0.010 गेले म्हणजे शिलकीचा जवळपास पाचवा हिस्सा गेला. त्रिज्या शिलकीच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, घनफळ दीडाव्या घाताच्या. आणि p, f, ε, η हे चारही गुणक प्रत्येकी एका टक्क्याने खात्रीचे सांगणंही अवघड. ग्रॅफाइटमध्ये बोरॉनचे दशलक्षांत एखाद-दोन कण जास्त असले तरी f खाली येतो.

म्हणजे चार गुणकांच्या गुणाकारातून आकार काढणं हा अंदाज झाला, मोजमाप नव्हे. कप्प्यांच्या 0.4 सेंमीवर आणि 2.13 की 2 या वादावर घालवलेला वेळ या 42 सेंमीपुढे काहीच नाही. आता B² थेट मोजता येतो का ते पाहायचं.

22 जून

येतो. त्याला घातांकी स्तंभ म्हणतात. जाळीचा एक चौकोनी खांब रचायचा, क्रिटिकल होण्याएवढा अजिबात नाही, आणि तळाशी न्यूट्रॉनचा स्रोत ठेवायचा. वर जाताना फ्लक्स e^(−γz) ने उतरतो. बाजू a असेल तर

```
B² = 2·(π/a)² − γ²
```

फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1941 मध्ये कोलंबिया विद्यापीठात असाच पहिला स्तंभ रचला, तेव्हा k∞ 0.87 निघाला होता. पुढच्या वर्षभरात ग्रॅफाइट आणि युरेनियम शुद्ध होत गेलं, स्तंभामागून स्तंभ रचले गेले, आणि हा आकडा एकच्या वर गेल्यावरच मोठी रचना हाती घेतली गेली.

माझ्याकडे ना ग्रॅफाइट ना युरेनियम, म्हणून आभासी स्तंभ: वाढीव बाजू 250 सेंमी, वाढीव उंची 300 सेंमी, B² आधीचाच 6.73e-5. यावरून γ = 0.01576 प्रति सेंमी, म्हणजे दर 63 सेंमीला फ्लक्स e च्या पटीने कमी. प्रोग्रॅमने अक्षावरची 'मोजमापं' तयार करायची आणि मग B² जणू माहीतच नाही अशा थाटात ती उलगडायची. स्रोताचे न्यूट्रॉन औष्णिकच धरलेत.

पहिली तपासणी काठाची केली. प्रत्यक्ष ग्रॅफाइटची रुंदी 246.4, दोन्ही बाजूंचे 1.8 मिळवून 250. मिळवायचे राहिले तर काय? 2(π/246.4)² = 3.25e-4, त्यातून γ² चे 2.485e-4 वजा केले की B² = 7.66e-5 आणि त्रिज्या 359 सेंमी. चोवीस सेंमीने कमी, घनफळ 18 टक्क्यांनी कमी.

14 जूनला ज्या 1.8 सेंमीला मी किरकोळ म्हटलं होतं, तेच इथे एवढं महाग. थेट हिशोबात d त्रिज्येत मिळवला किंवा वजा केला जातो, तिथे त्याचा परिणाम तेवढाच राहतो. इथे दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकीतून लहान संख्या काढायची असते आणि मोठ्या संख्येतली छोटी चूक सगळी त्या लहान संख्येवर येऊन पडते. γ एका टक्क्याने चुकला तरी B² सात टक्क्यांहून जास्त चुकतो.

25 जून

स्रोत तळाच्या मधोमध. 60 ते 140 सेंमीमधली मोजमापं घेतली, लॉग काढून सरळ रेषा बसवली. रेषा डोळ्यांना छान बसली. B² ऋण आला.

म्हणजे या उतारावर विश्वास ठेवला तर हे द्रव्य कधीच क्रिटिकल होणार नाही, आणि मीच त्यात 1.053 भरलेला.

कारण शोधायला मोजमापं एकेका आकारात मोडून पाहिली. मधोमध ठेवलेल्या स्रोतातून फक्त cos(πx/a) हा आकार निघत नाही, तीनपट वारंवारतेचा आकारही निघतो. तो एका दिशेत असला तर त्याचा उतार 0.0389 प्रति सेंमी, म्हणजे तो 26 सेंमीत e च्या पटीने विरतो, मूळ आकारापेक्षा बराच लवकर. पण लवकर म्हणजे लगेच नव्हे. 100 सेंमी उंचीवरही त्याचा वाटा आठ टक्के उरतो. तो विरत असताना एकूण उतार तीव्र दिसतो आणि त्या उंचीवरचा γ 10 टक्क्यांहून जास्त चढा निघतो. 150 सेंमीवरही चार टक्के चढा, आणि तेवढ्यानेही त्रिज्या 450 च्या घरात जाते. अर्ध्या टक्क्यापर्यंत यायला 240 सेंमी वर जावं लागतं.

फसवी गोष्ट ही की दोन घातांकांची बेरीज लॉग-आलेखावर जवळपास सरळच दिसते. रेषा किती सुबक बसली यावरून काहीही कळत नाही. कळतं ते खालचा एकेक बिंदू वगळून पुन्हा रेषा बसवल्यावर: γ दर वेळी खाली सरकत राहिला तर वरचे आकार अजून विरलेले नाहीत.

27 जून

मग 240 च्या वर जाऊ, म्हटलं. तिथे दुसरं संकट. स्तंभाला वरचं टोक आहे, तिथूनही गळती आहे, म्हणून उतार शुद्ध घातांकी नसतो:

```
φ(z) ∝ sinh(γ·(c − z))
```

c ही वाढीव उंची, 300. टोकापासून 100 सेंमी खाली असतानाही सरळ रेषेचा उतार नऊ टक्के चढा दिसतो. दोन्ही चुका γ ला वरच ढकलतात, एकमेकींना कापत नाहीत. खालून वरच्या आकारांनी हाकललं, वरून टोकाने, आणि मधे स्वच्छ जागाच उरली नाही.

टोकाचा उपाय सोपा: सरळ रेषेऐवजी sinh बसवायचा, c मध्ये वरचे 1.8 सेंमी धरून. पण sinh ला तीनपट आकाराचं काही ठाऊक नाही. खालच्या बाजूचा दोष तसाच राहिला.

1 जुलै

एका जुन्या सहकाऱ्याला आलेख दाखवला. तो काही न बोलता कागदावर cos(3πx/a) ची वक्ररेषा काढायला लागला आणि ती जिथे अक्षाला छेदते तिथे फुली मारली.

"स्रोत इथे ठेव. चार ठिकाणी," म्हणाला.

x = a/6 वर 3πx/a = π/2, म्हणजे त्या आकाराची किंमत शून्य. तिथे ठेवलेला स्रोत तो आकार जागवूच शकत नाही. दोन्ही दिशांना ±a/6 अशा चार जागी एकेक स्रोत ठेवला की तिप्पट वारंवारतेचे सगळे आकार एका झटक्यात नाहीसे. 250 च्या स्तंभात ही जागा मध्यापासून 41.7 सेंमीवर येते. चारही स्रोत सारख्याच ताकदीचे हवेत असं वाटलं होतं, पण तीही गरज नाही: प्रत्येक जण आपापल्या जागी तो आकार शून्यच देतो. ताकद असमान असेल तर सममित नसलेले आकार उठतात, मात्र अक्षावर त्यांची किंमत शून्य असते आणि मोजमाप अक्षावरच आहे.

आता उरतो पाचपट आकार. तो फार लवकर विरतो, आणि या जागी त्याचं चिन्ह उलटं असल्याने γ किंचित कमी दाखवतो. 120 सेंमीवर ही चूक अर्धा टक्का. आधी जी स्वच्छता 240 वर मिळत होती ती निम्म्या उंचीवर मिळाली.

120 ते 240, दर 10 सेंमीला एक मोजमाप, sinh बसवला. खालचे बिंदू वगळत गेलो तरी γ जागचा हलत नाही. त्रिज्या 383 च्या आजूबाजूला आली.

3 जुलै

"आजूबाजूला" म्हणजे किती, हे पाहायला मोजमापांत मोजणीची अनिश्चितता घातली. प्रत्येक बिंदूवर 10,000 ठोके मोजले तर एक टक्का अनिश्चितता. तेरा बिंदूंवरून γ साधारण अर्ध्या टक्क्याने, B² साडेतीन टक्क्यांनी आणि त्रिज्या सहा-सात सेंमीने खालीवर होते. ठोके एक लाख केले की दोनएक सेंमी.

वरच्या बिंदूंवर फ्लक्स खूप कमी असतो. 120 आणि 240 यांच्यात तो सुमारे आठपट उतरतो, त्यात टोकाचाही हात आहे. सगळीकडे सारखे ठोके हवे असतील तर वरच्या बिंदूवर तेवढाच जास्त वेळ थांबावं लागतं, आणि तेवढ्या वेळात मोजयंत्राची संवेदनशीलता सरकली तर ती थेट γ मध्ये उतरते. म्हणून खालून वर एकदाच न जाता खाली-वर येऊन-जाऊन मोजावं आणि एक बिंदू संदर्भ म्हणून पुनःपुन्हा घ्यावा. हे आभासी स्तंभात तपासता येतं: संवेदनशीलता हळूहळू दोन टक्क्यांनी घसरवली, आणि एकाच दिशेने मोजल्यावर γ एका टक्क्याने चढा आला. येऊन-जाऊन मोजल्यावर ती चूक जवळपास पुसली गेली.

6 जुलै

शेवटी खऱ्या रचनेशी तुलना. शिकागोत 2 डिसेंबर 1942 ला क्रिटिकल झालेली पहिली रचना 57 थरांची होती. तिचा आकार चपटा लंबगोल, आडवी त्रिज्या 388 सेंमी आणि उभी 309. तेवढ्याच घनफळाचा गोल केला तर त्रिज्या 360 भरते. लंबगोल गोलापेक्षा थोडा जास्त गळतो, म्हणून क्रिटिकल गोल 360 हून जरा लहानच.

माझे 383 आणि हे 360 शेजारी ठेवले की पाठ थोपटून घ्यावीशी वाटते. पण ग्रॅफाइट थोडं वेगळं धरलं, L = 50 सेंमी, म्हणजे जाळीत L² = 300, तर M² 668 होतो आणि त्याच k∞ ला त्रिज्या 353. तिथे तर धातू आणि ऑक्साइड दोन्ही होते, शुद्धतेत फरक असलेलं ग्रॅफाइट होतं, आणि सर्वांत चांगला माल मध्यभागी ठेवला होता, जिथे फ्लक्स सर्वांत जास्त असतो. एकसारखा गाभा धरून केलेल्या हिशोबाचं त्याच्याशी सहा टक्क्यांत जुळणं यात आकडे निवडण्याचा हात मोठा आहे.

त्यांनीही हिशोबाच्या त्रिज्येवर विसंबून थर चढवले नाहीत. रचना वाढत गेली तशी मधल्या न्यूट्रॉनची मोजणी होत राहिली. रचनेच्या प्रभावी त्रिज्येचा वर्ग भागिले मोजणी असा आकडा थरांच्या संख्येपुढे मांडला की बिंदू खाली उतरतात आणि रेषा पुढे वाढवली की ती शून्याला कुठे टेकणार ते दिसतं. साधा एक भागिले मोजणी घेतला असता तर आलेख वाकडा आला असता, कारण क्रिटिकलपासून दूर असताना मोजणी साधारण त्रिज्येच्या वर्गाने वाढते. तो वर्ग भागून टाकला की उरतो फक्त गुणनाचा परिणाम, आणि तो सरळ रेषेच्या जवळ असतो. माझ्या प्रोग्रॅममध्ये R बदलत हाच आलेख काढला: त्रिज्या 300 च्या पुढे गेल्यावर रेषा शून्याला 383 च्या दोन-तीन सेंमी आतबाहेर टेकते, 200 च्या अलीकडच्या बिंदूंवरून काढली तर बरीच भरकटते.

पुढच्या नोंदीत याच गोलाभोवती 30 सेंमी शुद्ध ग्रॅफाइटचं कवच घालून गाभा किती आक्रसतो ते पाहणार आहे. त्यासाठी वरचा कोड तसाच चालणार नाही, कारण M² आता r प्रमाणे बदलेल आणि कप्प्यांच्या सीमेवर प्रवाह जुळवावा लागेल.